चित्र आधी, वाक्य नंतर
एका शालेय स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीचे निवेदन पुन्हा लिहिताना

(भंडारा येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी घेतलेल्या प्रशिक्षण वर्गातील भाषणाचा मजकूर)



माहितीपटाचे निवेदन कसे लिहावे, यावर मी बोलावे अशी आपली सूचना होती. विषय मोठा आहे. त्याची सर्व अंगे एका तासात हाताळण्यापेक्षा मी लिहिलेले एक निवेदन कसे फसले आणि ते वाक्यागणिक कसे दुरुस्त करावे लागले, एवढीच हकिगत आपल्यापुढे मांडावी असे मी ठरविले आहे. चूक माझी असल्याने ती मोकळेपणाने सांगता येईल.

आपल्या जिल्ह्यातील, वैनगंगेच्या काठच्या एका गावी जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. जानेवारीच्या अखेरीस तेथे स्नेहसंमेलन झाले. शाळेतील एका तरुण गुरुजींनी ते आपल्या मोबाईलवर चित्रित केले आणि निवडक दृश्ये जोडून एक चित्रफीत तयार केली. तिची लांबी 6 मिनिटे 40 सेकंद, म्हणजे 400 सेकंद होती. 1 मेच्या ग्रामसभेत ती दाखवावी असे पंचायतीने ठरविले आणि निवेदन लिहून देण्याची विनंती मला करण्यात आली. मी कार्यक्रमपत्रिका मागवून घेतली, एका बैठकीत तीन पाने लिहिली आणि पाठवून दिली. चित्रफीत मात्र मी पाहिली नव्हती.

आठ दिवसांनी गुरुजींचा दूरध्वनी आला. “साहेब, चित्र संपते, तरी आमच्या बाईंचे वाचन संपत नाही.” मी चित्रफीत मागवून पाहिली. वाचन लांबले, हा त्यातला सर्वांत लहान दोष होता. दिव्याचे वर्णन चालू असताना पडद्यावर स्वागतगीत होते. दंडारीची स्तुती मुलींच्या नृत्यावर पडत होती. बक्षीस एक मुलगी घेत होती आणि नाव दुसरीचे उच्चारले जात होते. पुन्हा चित्रीकरण करणे शक्य नव्हते. दृश्यांची जोडणी बदलावी, तर मोबाईलमधील जागा संपल्यामुळे मूळ तुकडे गुरुजींनी पुसून टाकले होते. हाती होती ती तयार चित्रफीत. तेव्हा बदलायची ती वाक्ये, हे निश्चित झाले.

अडचण नवी नाही. 1948 साली मुंबईत स्थापन झालेल्या आणि 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट अनेक भारतीय भाषांतून निघत. चित्र सर्व भाषांना एकच असे. निवेदन मात्र प्रत्येक भाषेत त्याच चित्राच्या मापात बसवावे लागे. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात 16 चौकटी असतात आणि सेकंदाला 24 चौकटी पुढे सरकतात. म्हणजे सेकंदाला दीड फूट. दृश्य 15 फुटांचे असेल, तर मराठी वाक्याला 10 सेकंदांपेक्षा जास्त वेळ नाही. आज फूट मोजावे लागत नाहीत, सेकंद पडद्यावरच दिसतात. हिशेब मात्र तोच आहे.

पाहणीपत्रक

पहिली गोष्ट मी केली ती अशी की, जुने निवेदन बाजूला ठेवून चित्रफीत आवाज बंद करून पाहिली आणि एका वहीत चार रकाने आखले. दृश्य कोणत्या सेकंदाला सुरू होते, कोणत्या सेकंदाला संपते, त्यात प्रत्यक्ष काय दिसते, आणि त्याचा मूळ आवाज काय आहे. चौथ्या रकान्यासाठी अर्थातच आवाज सुरू करून चित्रफीत पुन्हा पाहावी लागली. एकूण 31 दृश्ये निघाली.

तिसरा रकाना भरताना एक पथ्य पाळावे लागते. जे ठाऊक आहे ते त्यात लिहावयाचे नाही, जे दिसते तेवढेच लिहावयाचे. “उद्घाटन” असे मी प्रथम लिहिले होते. ते खोडून मी लिहिले : “पहिले दोन सेकंद समईची वात आणि एक हात. तिसऱ्या सेकंदाला लहान मुलीचा चेहरा, तिच्या हातात मेणबत्ती. मागे पाहुण्यांची बाही.” उद्घाटन हा शब्द पत्रिकेतला होता, मुलगी चित्रातली होती. माझ्या तीन पानांत त्या मुलीचा कोठेही उल्लेख नव्हता.

मोजमाप

दुसरी गोष्ट वाचनाच्या गतीची. निवेदन शाळेतल्याच एक बाई वाचणार होत्या. त्यांना एक उतारा नेहमीच्या संथ गतीने वाचावयास सांगितले आणि एका मिनिटात त्या कोठवर पोहोचतात ते पाहिले. मराठीत शब्द मोजून भागत नाही, कारण “व” हाही शब्द आणि “स्नेहसंमेलनाचे” हाही शब्द. म्हणून अक्षरे मोजावीत. जोडाक्षर एकच धरावे. बाईंची गती मिनिटाला 300 अक्षरे, म्हणजे सेकंदाला 5 अक्षरे भरली. आपल्या वाचकाची गती याहून कमीअधिक असू शकेल, ती ज्याची त्याने मोजून घ्यावी.

माझे जुने निवेदन मोजले तेव्हा ते सुमारे 2,600 अक्षरांचे निघाले. त्याला 520 सेकंद हवेत, चित्र तर 400 सेकंदांचे. बाईंनी थोडे भरभर वाचावे, असा उपाय कोणी सुचविला. त्यासाठी सेकंदाला साडेसहा अक्षरे वाचावी लागली असती. शिवाय ग्रामसभा उघड्यावर भरते, कर्ण्याचा आवाज भिंतींवर आदळून परत येतो. अशा ठिकाणी भरभर वाचलेल्या वाक्याचे शेवटचे शब्द हटकून विरून जातात, आणि मराठीत क्रियापद तर शेवटी असते. यंत्राच्या साहाय्याने आवाजाची गती वाढविली, तरी परिणाम तोच.

शिवाय प्रत्येक दृश्याचा सगळा वेळ निवेदनाला मिळत नाही. नवे दृश्य आल्यावर डोळ्यांना ते ओळखण्यास सुमारे एक सेकंद लागतो, तेव्हा कान बंद असल्यासारखेच असतात. दृश्य संपण्यापूर्वी एक सेकंद मोकळा ठेवला नाही, तर वाक्याची शेपटी पुढच्या चित्रात जाते. म्हणून 9 सेकंदांच्या दृश्यात बोलण्यास 7 सेकंद, म्हणजे 35 अक्षरे. मी तीसच्या आसपास थांबण्याचा नियम केला.

आता वाक्यांकडे वळू.

दिव्याचे वाक्य

जुने वाक्य असे होते : “निसर्गरम्य वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या आमच्या शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाचे उद्घाटन मान्यवरांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलनाने मोठ्या उत्साहात संपन्न झाले.”

अक्षरे 64, वेळ जवळजवळ 13 सेकंद. दृश्य 9 सेकंदांचे. “निसर्गरम्य” आणि “मोठ्या उत्साहात” काढून टाकले, तरी वाक्य सुधारत नाही, कारण त्यातले जे खरे आहे ते पडद्यावर दिसतेच आहे. दिवा लावला जात आहे हे पाहणाऱ्याला सांगण्याची गरज नाही. त्याला जे दिसत नाही आणि जे जाणून घ्यावेसे वाटेल, ते सांगावे. मी गुरुजींना विचारले, ती मुलगी कोण? ते म्हणाले, पहिलीतली आहे. नवे वाक्य झाले :

“मेणबत्ती धरणारी ही मुलगी पहिलीतली. शाळेत येऊन सात महिने झालेले.”

अक्षरे 31. वाचन पहिल्या सेकंदानंतर सुरू होते. “ही” हे नववे अक्षर आहे, म्हणजे ते तिसऱ्या सेकंदाच्या सुमारास उच्चारले जाते, आणि नेमका त्याच वेळी मुलीचा चेहरा पडद्यावर येतो. “हा, ही, हे” या सर्वनामांचे निवेदनात विशेष महत्त्व आहे. ती बोट दाखवितात. बोट ज्या क्षणी दाखविले, त्या क्षणी समोर दुसरेच काही असेल, तर ऐकणारा गोंधळतो. म्हणून वाक्यात दर्शक सर्वनाम असेल, तर ते कोणत्या सेकंदाला येते हे अक्षरे मोजून पाहावेच.

क्रियापदाची अडचण

दुसरे उदाहरण दंडारीचे आहे. जुने वाक्य : “इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या झाडीपट्टीची लोककला असलेली दंडार अत्यंत प्रभावीपणे सादर करून उपस्थितांची मने जिंकली, तर पाचवीच्या मुलींनी रोवणीचे नृत्य सादर केले.”

छापील वृत्तान्तात हे वाक्य कोणाला खटकणार नाही. चित्रावर ते कसे बसते ते पाहा. दंडारीचे दृश्य 9 सेकंदांचे, त्यापाठोपाठ मुलींच्या नृत्याचे 14 सेकंदांचे. “दंडार” हा शब्द पूर्ण होईतो 30 अक्षरे झालेली असतात. म्हणजे सातवा सेकंद उजाडतो, आणि तोवर आपण काय पाहत आहोत हे कोणी सांगितलेले नसते. “सादर करून” हे शब्द येतात तेव्हा दंडार संपून मुली रंगमंचावर आलेल्या असतात. मुलांनी मने जिंकल्याची वार्ता मुलींच्या अंगावर पडते.

दोष आपल्या वाक्यरचनेच्या स्वभावातून येतो. मराठी वाक्यात विशेषणे आणि कृदन्ते आधी येतात, नाव त्यांच्यामागून येते आणि अर्थ क्रियापदाशी पुरा होतो. वाचताना डोळा मागे-पुढे जाऊ शकतो, म्हणून ते चालते. चित्र मात्र थांबत नाही. यावर उपाय असा की, नाव वाक्याच्या आरंभी आणावे, आणि एका दृश्याचे वाक्य त्याच दृश्यात संपवावे. दोन दृश्यांवर पसरलेले “तर” किंवा “तसेच” दिसले, की तेथे पूर्णविराम द्यावा.

दंडारीवर नवे वाक्य आले : “ही दंडार. सातवीची मुले ती घरच्या आजोबांकडून शिकली.” अक्षरे 23. पहिल्या चार अक्षरांत नाव सांगून झाले. एकूण वाचन पाच सेकंदांच्या आत संपते आणि उरलेल्या वेळात ढोलकी व पायांचा ठेका ऐकू येतो. माझ्या जुन्या निवेदनात तो कोणाला ऐकूच आला नसता.

मुलींच्या नृत्यावर : “पाचवीच्या मुली रोवणी नाचल्या. पऱ्हे कसे धरायचे, हे त्यांना शिकवावे लागले नाही.” अक्षरे 32. बारा सेकंदांची जागा असताना साडेसहा सेकंदच वापरले. उरलेले गाण्याला दिले. जागा आहे म्हणून ती भरावी, असा नियम नाही.

रिकाम्या खुर्च्या

आता ज्या वाक्यावर सर्वांत अधिक चर्चा झाली त्याकडे येतो. जुने वाक्य : “या सोहळ्यास विद्यार्थी, पालक व ग्रामस्थ यांचा अलोट जनसमुदाय उपस्थित होता.”

अक्षरे 32. दृश्य 11 सेकंदांचे, जागा 45 अक्षरांची. मापात हे वाक्य व्यवस्थित बसत होते. परंतु त्या दृश्यात पुढे मुले बसलेली आहेत आणि मागच्या चार रांगांतील खुर्च्या जवळजवळ रिकाम्या आहेत. कानांनी अलोट जनसमुदाय ऐकावयाचा आणि डोळ्यांनी रिकाम्या खुर्च्या पाहावयाच्या. अशा वेळी लोक डोळ्यांवर विश्वास ठेवतात, आणि पुढची खरी वाक्येही त्यांना संशयास्पद वाटू लागतात.

मी गुरुजींना विचारले, खुर्च्या रिकाम्या का? ते म्हणाले, उन्हाळी धानाची रोवणी चालू होती, कार्यक्रम तर दुपारी तीनला सुरू झाला. पाहणीपत्रक पुन्हा चाळले, तेव्हा दिसले की शेवटून सातव्या दृश्यात दिवे लागलेले आहेत आणि मागच्या त्याच रांगा भरलेल्या आहेत. काही बायांच्या लुगड्यांचे काठ चिखलाने माखलेलेही दिसतात. हे दृश्य 8 सेकंदांचे होते आणि माझ्या जुन्या निवेदनात त्यावर आभारप्रदर्शनाचा मजकूर होता.

दोन्ही दृश्यांसाठी मी दोन वाक्ये लिहिली. पहिल्यावर : “दुपारी तीन वाजता मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. गावात रोवणी चालू होती.” अक्षरे 28. दुसऱ्यावर : “दिवे लागले, आणि बांधीतून आलेली माणसे मागे बसली.” अक्षरे 22.

पंचायतीत हे वाचून दाखविले, तेव्हा एका सदस्यांनी हरकत घेतली. रिकाम्या खुर्च्या आपणहोऊन कशाला सांगावयाच्या, त्यात गावाची शोभा काय, असे त्यांचे म्हणणे. हरकत चुकीची म्हणता येणार नाही. शासकीय वा पंचायतीच्या चित्रफितीत उणे बोलू नये, असा आपला सर्वांचा संस्कार आहे. मी एवढेच म्हटले की खुर्च्या मी सांगितल्या नाहीत तरी दिसणारच आहेत. दिसलेल्या गोष्टीचे कारण सांगावे की नाही, एवढाच प्रश्न आहे. त्यावर सरपंचबाई म्हणाल्या, “आमी तं तवा बांधीतच होतो, साहेब. तेच सांगा.” वाक्य राहिले.

नावांचा क्रम

बक्षीस-समारंभाचे दृश्य 12 सेकंदांचे होते. त्यात तीन मुले एकामागून एक येतात. मी पत्रिकेवरून पहिला, दुसरा, तिसरा अशा क्रमाने नावे लिहिली होती. चित्रात मात्र तिसऱ्या क्रमांकाची मुलगी प्रथम येते. त्यामुळे तिघांपैकी दोघांना दुसऱ्याचे नाव चिकटले. आपण हसाल, परंतु ज्या आईच्या मुलीला दुसरीचे नाव मिळाले ती हसणार नाही, आणि ती ग्रामसभेत पुढच्या रांगेत बसलेली असणार.

नावे नेहमी चित्राच्या क्रमाने घ्यावीत. आडनावासह एक नाव साधारण सात-आठ अक्षरांचे, म्हणजे दीड सेकंदाचे होते. चेहरा तीन-चार सेकंद दिसत असेल, तर तेवढेच त्यात बसते. “तृतीय क्रमांक पटकाविण्याचा मान मिळविला” यास जागा नाही. मी केवळ तीन नावे ठेविली. प्रत्येक नाव चेहरा स्थिर झाल्यावर उच्चारावे, असे संहितेच्या समासात सेकंद घालून लिहिले. मुख्याध्यापिकाबाईंना चित्र दाखवून चेहरे व नावे पडताळून घेतली, आणि पालकांची संमतीही घेतली. समूहनृत्यात मात्र एकाही मुलीचे नाव घेतले नाही. तेथे चेहरे फिरते आहेत, कोणते नाव कोणाचे हे कळणार नाही.

जे चित्रात नाही ते

त्या दिवशी शाळेत मुलांचे विज्ञान-प्रदर्शनही होते. माझ्या निवेदनात त्यावर चार वाक्ये होती. चित्रफितीत त्याचे एकही दृश्य नव्हते, कारण त्या वेळी गुरुजी रंगमंचाची व्यवस्था पाहत होते. ज्या बाईंनी प्रदर्शन मांडले त्यांना वाईट वाटणे स्वाभाविक होते. ही वाक्ये गाण्याच्या दृश्यावर घालून पाहिली. पाहणारे रंगमंचावर प्रयोगाची मांडणी शोधू लागले. अखेर शेवटच्या अक्षरपटावर, जेथे आभार येतात तेथे, प्रदर्शनाची व ते मांडणाऱ्यांची नोंद लेखी दिली. पाहुण्यांची पदे आणि देणगीदारांची नावे यांचीही जागा तीच. ती बोलून दाखविली असती, तर जवळजवळ अर्धा मिनिट गेला असता. ज्या गोष्टीचे चित्र नाही, तिला निवेदनाने चित्र देता येत नाही, ही आपल्या कामाची मर्यादा मान्य करावी.

पारख

पुरी झालेली संहिता सुमारे 1,180 अक्षरांची भरली. म्हणजे 400 सेकंदांपैकी 236 सेकंद निवेदन आणि उरलेले 164 सेकंद शाळेचा स्वतःचा आवाज. ध्वनिमुद्रणापूर्वी तिची तीन प्रकारे पारख केली.

प्रथम बाईंनी चित्र चालू ठेवून ती मोठ्याने वाचली आणि मी जिथे त्यांचा श्वास अपुरा पडला तिथे खूण केली. अशा पाच जागा निघाल्या, पाचही ठिकाणी वाक्य लांब होते. मग शाळेतल्या शिपाईमामांना, ज्यांनी संहिता वाचलेली नव्हती, चित्रासह ते वाचन ऐकविले, आणि त्यांची नजर पाहिली. ज्या वाक्याला त्यांनी पडद्यावर काहीतरी शोधले, ते वाक्य चित्राच्या आधी किंवा नंतर पडत होते. शेवटी मी डोळे मिटून नुसते निवेदन ऐकले. केवळ कानांनी सगळा कार्यक्रम समजला, तर चित्रात दिसणारेच आपण पुन्हा सांगत आहोत, असे समजावे. दोन वाक्ये या कारणाने गळाली.

1 मे रोजी ग्रामसभेत चित्रफीत दाखविली गेली. मी मागे उभा होतो. रिकाम्या खुर्च्यांचे वाक्य आले तेव्हा थोडी हालचाल झाली, कोणी हसले. दिवे लागल्याच्या दृश्याला बायांनी एकमेकींना बोट करून दाखविले. नंतर चर्चेत एका पालकांनी विचारले की, रोवणीच्या दिवसांत कार्यक्रम दुपारी का ठेवता? पुढल्या वर्षी स्नेहसंमेलन सायंकाळी सहा वाजता सुरू करावे, असे त्याच सभेत ठरले. “अलोट जनसमुदाय” हे वाक्य राहिले असते, तर हा प्रश्न कोणी विचारला नसता.

आपल्यापैकी अनेकांच्या हाती अशा चित्रफिती येत्या वर्षात येणार आहेत. त्या वेळी कार्यक्रमपत्रिका मिटून ठेवावी, चित्र पाहावे, आणि मग लेखणी उचलावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.